भवानी पेठेतलं वाय-फाय: राउटर मोड की ॲक्सेस पॉइंट मोड? कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२६, सोमवार. पाहणी

जागा सोलापूरच्या भवानी पेठेतली. तळमजल्यावर पुढे टॉवेल-चादरीचं ऑफिस, मागे गोदाम, वर राहतं घर. पुढच्या शटरपासून गोदामाच्या मागच्या भिंतीपर्यंत साधारण साठ फूट. ऑफिस आणि गोदाम यांच्यामधली भिंत जुनी दगडी, पावणेदोन फूट जाड. जिना या भिंतीला लागूनच, पण गोदामाच्या बाजूने वर चढतो.

फायबर रस्त्यावरच्या खांबावरून येतं, म्हणून कंपनीच्या माणसाने मोडेम-राउटर शटरला लागून माळ्यावर ठोकला आहे. एका बाजूला लोखंडी शटर, खाली स्टीलचं कपाट. डबा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा. त्याच्या चार पोर्टांपैकी एकच गिगाबिट, `LAN1`. बाकीचे तीन १०० मेगाबिटचे. घरचा लँडलाइन फोनही याच डब्याला जोडलेला आहे.

आधी लाइन तपासली. `LAN1` ला वायरने लॅपटॉप लावला, प्लॅन १५० मेगाबिटचा, वेग १४६ मिळाला. म्हणजे बाहेरून येणारं इंटरनेट चोख आहे, दुखणं वाय-फायचं आहे. ही खात्री करून घेतल्याशिवाय नवा राउटर विकत घेऊ नये. लाइनच मरतुकडी असेल तर दहा हजारांचा राउटरही तेच मरतुकडं इंटरनेट घरभर वाटेल.

मग फोनवरच्या सिग्नल मोजणाऱ्या ॲपने फिरून आकडे घेतले. ऑफिसच्या टेबलापाशी −५२ डीबीएम, जिन्याच्या वळणावर −७३, वरच्या हॉलमध्ये −७६, गोदामात −८१, वरच्या आतल्या खोलीत −८४. आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल दमदार. −६५ च्या आसपास व्हिडिओ कॉल बिनघोर चालतो, −७५ च्या खाली अडखळायला लागतो, −८० नंतर जोडणी नुसती दिसते, काम होत नाही.

वापरणारी उपकरणं: दिवाणजींचा कॉम्प्युटर आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, दोन्ही वायरने थेट मोडेम-राउटरला. वाय-फायवर प्रिंटर, मालकांचा लॅपटॉप, वरचा टीव्ही आणि दहा-बारा फोन.

६ जानेवारी, मंगळवार. नवा राउटर लावला, राउटर मोडमध्ये

दोन्ही बँडचा, सगळे पोर्ट गिगाबिट असलेला राउटर आणला. जागा ठरवली जिन्याच्या वळणावर. तिथून गोदामात दगडी भिंत मध्ये येत नाही आणि वरच्या मजल्यालाही जिन्याची मोकळी पोकळी मिळते. मोडेम-राउटरपासून तिथपर्यंत कॅट-६ वायर ओढली, वळसे धरून बारा मीटर लागली. वायर शुद्ध तांब्याची घेतली. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली स्वस्त वायर मिळते, पण ती वाकवताना आतून तुटते आणि खोटा संपर्क देत राहते.

मोडेम-राउटरच्या `LAN1` मधून निघालेली वायर नव्या राउटरच्या `WAN` पोर्टात घातली. मोबाइलवरच्या ॲपने दोन प्रश्न विचारून जोडणी पूर्ण केली. बहुतेक राउटर पेटीतून काढल्यावर राउटर मोडमध्येच असतात, तसाच हाही.

आकडे परत घेतले. वरच्या हॉलमध्ये ५ गिगाहर्ट्झवर −५५, आतल्या खोलीत −६६, गोदामात २.४ वर −६०. सगळे खूश. हा फरक मात्र राउटरच्या मोडमुळे पडलेला नाही, जागा आणि अँटेना बदलल्यामुळे पडला आहे. मोड कुठलाही ठेवा, सिग्नल तेवढाच राहतो. मोडने ठरतं ते एवढंच, की घरातल्या उपकरणांना पत्ते कोण वाटणार आणि ती एकमेकांना दिसणार की नाही.

७ जानेवारी, बुधवार. तक्रारी

सकाळीच दोन गोष्टी अडल्या. नव्या वाय-फायवरच्या फोनवरून बिल छापायला गेलं की प्रिंटर सापडतच नाही. आणि मालकांच्या लॅपटॉपवरचा बिलांचा फोल्डर दिवाणजींच्या कॉम्प्युटरवर काल दुपारपर्यंत उघडत होता, तो आता उघडत नाही. इंटरनेट मात्र दोघांकडेही झकास.

मालकांच्या लॅपटॉपवर रस्ता तपासला:

```
tracert -d 8.8.8.8

  1     1 ms     1 ms     1 ms  192.168.0.1
  2     2 ms     2 ms     2 ms  192.168.1.1
  3     6 ms     5 ms     6 ms  100.72.0.1
```

पहिल्या दोन ओळींत सगळा उलगडा आहे. 192.168 ने सुरू होणारे पत्ते घरातल्या घरात वापरायचे असतात. असे दोन वेगवेगळे टप्पे लागले याचा अर्थ घरात दोन राउटर एकामागे एक बसून दोघेही पत्ते वाटत आहेत. मोडेम-राउटरचं जाळं 192.168.1 चं, त्यात दिवाणजी, डीव्हीआर आणि प्रिंटर. नव्या राउटरचं जाळं 192.168.0 चं, त्यात मालकांचा लॅपटॉप, टीव्ही आणि फोन. घरातले सगळे पत्ते एकाच पत्त्यामागे झाकून बाहेर पाठवणं म्हणजे नॅट. इथे ते दोनदा होतं, म्हणून याला डबल नॅट म्हणतात.

इथे एक गंमत आहे आणि ती माहीत नसली की निदान चुकतं. मालकांच्या लॅपटॉपवरून `ping 192.168.1.40` केलं, हा प्रिंटरचा पत्ता, तर उत्तर व्यवस्थित आलं. उलट दिवाणजींच्या कॉम्प्युटरवरून मालकांच्या लॅपटॉपला पिंग केलं तर काहीच नाही. म्हणजे भिंत एकतर्फी आहे. वाड्याच्या आत दुसरा लहान वाडा असावा, तसं. आतल्या वाड्यातला माणूस दिंडीतून बाहेरच्या चौकात येऊ शकतो, हवं त्याला भेटून परत जाऊ शकतो. पण चौकातला माणूस दिंडीशी येऊन उभा राहिला तर आत कोणाला बोलवायचं हे दिंडीवरच्याला ठाऊक नाही, म्हणून तो परत पाठवतो. दिवाणजी चौकात बसलेत, फोल्डर आतल्या वाड्यात आहे.

मग प्रिंटर पिंगला उत्तर देतो तरी फोनला का सापडत नाही? कारण फोन प्रिंटरचा पत्ता विचारून जात नाही, तो मोठ्याने हाक मारतो, ‘इथे कोणी छापणारं आहे का?’ ही हाक आपल्या जाळ्यापुरतीच असते, राउटर ती पलीकडे जाऊ देत नाही. लॅपटॉपवर प्रिंटर पत्ता टाकून जोडला तर छपाई होते, करून बघितलं. फोनवर मात्र बऱ्याच ॲपमध्ये पत्ता टाकायची सोयच नसते. वरच्या टीव्हीवर फोनचा पडदा दाखवायचा असेल तिथेही हाच नियम. टीव्ही आणि फोन दोन्ही नव्या जाळ्यात आले म्हणून तेवढं चालू राहिलं.

आपल्याकडे दोन पत्ते वेगळे निघाले हेही नशीबच. दोन्ही डब्यांचा मूळ पत्ता 192.168.1.1 असता तर नव्या राउटरला बाहेरचं जाळं आणि आतलं जाळं वेगळं ओळखताच आलं नसतं. काही राउटर हे ओळखून स्वतःचा पत्ता आपोआप बदलतात, काही बदलत नाहीत, आणि मग इंटरनेट अजिबात येत नाही.

८ जानेवारी, गुरुवार. निर्णय

तीन वाटा होत्या.

पहिली, राउटर मोड तसाच ठेवायचा आणि सगळीच उपकरणं नव्या राउटरच्या मागे आणायची. डबल नॅट म्हटलं की लोक घाबरतात, पण नुसतं ब्राउझिंग, यूपीआय, व्हिडिओ कॉल यांना त्याने काही होत नाही. सगळे आतल्या वाड्यात राहायला गेले तर आपसांतली भिंतही उरत नाही. इथली अडचण वायरींची आहे. दिवाणजींचा कॉम्प्युटर आणि डीव्हीआर शटरजवळ, नवा राउटर जिन्यात. त्यांना आत आणायचं तर जिन्यापासून शटरपर्यंत उलटी दुसरी वायर ओढा आणि तिथे स्विच लावा. दगडी भिंतीत आणखी एक भोक पाडायला मालक राजी नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

दुसरी, मोडेम-राउटर ब्रिज मोडमध्ये टाकायचा. म्हणजे तो फक्त फायबरचा प्रकाश वायरीत बदलून देईल, बाकी सगळा कारभार नवा राउटर करेल. नॅट एकच राहतो आणि तांत्रिकदृष्ट्या ही सगळ्यांत स्वच्छ मांडणी. त्यासाठी कंपनीकडून पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या जोडणीत शिरायचं, युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅनचा, म्हणजे फायबरमधल्या इंटरनेटच्या मार्गिकेचा, क्रमांक लागतो. इथे दोन गोष्टी आडव्या आल्या. लँडलाइन त्याच डब्यावर आहे आणि ब्रिज केल्यावर ती चालू राहील याची हमी फोनवर मिळाली नाही. शिवाय डीव्हीआर आणि दिवाणजी त्या डब्याच्या पोर्टांवर पत्त्याविना पडले असते, म्हणजे पुन्हा वायरींचाच प्रश्न.

तिसरी, नव्या राउटरला ॲक्सेस पॉइंट करायचं. मग तो राउटर उरत नाही. पत्ते वाटणं, नॅट, फायरवॉल हे सगळं मोडेम-राउटरकडे राहतं. नवा डबा फक्त वाय-फाय देतो आणि आपल्या पोर्टांवर स्विचचं काम करतो. जाळं एकच, प्रिंटर-फोल्डर-टीव्ही सगळं एकमेकांना दिसतं आणि वायर आहे तीच पुरते.

या वाटेची मर्यादा आधीच तपासली. ॲक्सेस पॉइंट केल्यावर सगळा भार जुन्या डब्यावर पडतो. तो डबा पंधरा-वीस उपकरणांनीच गुदमरणारा असेल, रोज बंद-चालू करावा लागत असेल, तर ॲक्सेस पॉइंटने काही सुधारणार नाही. सिग्नलच्या कांड्या पूर्ण दिसतील आणि पान उघडणार नाही. म्हणून मोडेम-राउटरच्या पानावर `Uptime` बघितला, २३ दिवस. या काळात परवापर्यंत सगळे फोन थेट त्यावरच होते आणि कोणी तो बंद केलेला नाही. म्हणजे डब्याचं डोकं शाबूत आहे, फक्त आवाज बारीक आहे. अशा डब्यासाठी ॲक्सेस पॉइंट मोड अगदी योग्य.

कॅमेऱ्यांसाठी पोर्ट फॉरवर्डिंग लागेल का, हा प्रश्न मालकांच्या पुतण्याने विचारला होता. मोडेम-राउटरचा बाहेरचा पत्ता बघितला, तो 100.72 ने सुरू होतो. 100.64 पासून 100.127 पर्यंतचे पत्ते कंपनी स्वतःच्या नॅटमागे वापरते. म्हणजे बाहेरून थेट आत यायचा रस्ता कंपनीच्याच दारात बंद आहे आणि घरातला कुठलाही मोड तो उघडू शकत नाही. डीव्हीआरचं ॲप त्याच्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालतं, ते जसं आहे तसंच चालेल.

९ जानेवारी, शुक्रवार. ॲक्सेस पॉइंट केला

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून जसा केला तसाच लिहितो.

सुरुवात मोडेम-राउटरपासून. त्याच्या पानावर पत्ते वाटायची हद्द 192.168.1.2 पासून 192.168.1.254 पर्यंत, म्हणजे सगळीच्या सगळी होती. ती 192.168.1.100 ते 192.168.1.200 केली. खालचे पत्ते कायमच्या उपकरणांसाठी मोकळे झाले. प्रिंटरला त्याच्याच मेनूतून 192.168.1.20 दिला, डीव्हीआरला 192.168.1.21.

मग नव्या राउटरचं वाय-फाय नाव आणि पासवर्ड जुन्या वाय-फायचेच ठेवले, सुरक्षा डब्ल्यूपीए-२. असं केलं की एकाही फोनला हात लावावा लागत नाही, सगळे आपोआप नव्याला चिकटतात. प्रिंटर जुना आहे, फक्त २.४ वर चालतो आणि डब्ल्यूपीए-३ त्याला कळत नाही, म्हणून सुरक्षा तिथेच थांबवली.

त्यानंतर नव्या राउटरच्या पानावर `Operation Mode` मध्ये जाऊन `Access Point` निवडलं आणि सेव्ह केलं. राउटर बंद होऊन परत सुरू झाला, दीड मिनिट लागलं. वायर `WAN` पोर्टातच राहू दिली. मोड तयार मिळत असेल तर `WAN` पोर्टही आपोआप स्विचचा भाग होतो.

इथे लोक हमखास घाबरतात. 192.168.0.1 हे पान आता उघडत नाही. राउटर बिघडलेला नाही, त्याचा पत्ता बदलला आहे, कारण आता त्यालाही मोडेम-राउटरनेच पत्ता दिला. मोडेम-राउटरच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत गेलो, नव्या राउटरच्या बुडाच्या स्टिकरवरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या डब्याचा कायमचा ओळख क्रमांक, यादीत शोधला, त्यासमोर 192.168.1.103 दिसला. त्या पत्त्यावर पान उघडलं आणि तिथून त्याला कायमचा 192.168.1.2 देऊन टाकला.

शेवटी मोडेम-राउटरचं स्वतःचं वाय-फाय बंद केलं, वायरने जोडलेल्या लॅपटॉपवरून. ते चालू ठेवलं असतं तर ऑफिसातून जिन्याकडे जाणारे फोन जुन्या, क्षीण सिग्नललाच चिकटून राहिले असते. फोन जोडणी सहजासहजी सोडत नाहीत, पार तुटेपर्यंत धरून ठेवतात. ऑफिसच्या टेबलापाशी नव्या राउटरचा सिग्नल दगडी भिंतीतून −६७ येतो, तो पुरतो. पुरला नसता तर जुनं वाय-फाय ठेवून, दोन्ही डब्यांना २.४ वर १, ६, ११ यांपैकी वेगवेगळं चॅनल दिलं असतं.

तपासणी: `tracert` मध्ये आता पहिलीच ओळ 192.168.1.1 आणि दुसरी थेट 100.72.0.1. फोनला प्रिंटर सापडला. दिवाणजींनी फोल्डर उघडून बिल काढलं.

१० जानेवारी, शनिवार. वेग ९४ वर अडला

वरच्या हॉलमध्ये कितीही वेळा मोजलं तरी ९४ च्या पुढे जात नाही. परवा १४० च्या वर होता. ९३ ते ९५ वर खिळलेला आकडा दिसला की वाय-फायकडे बघूच नये, कुठल्यातरी वायरीची किंवा पोर्टाची जोडणी १०० मेगाबिटवर उतरली आहे.

वायर `LAN1` मध्येच होती, म्हणजे पोर्ट बरोबर. जिन्यातलं टोक काढून लॅपटॉपला लावलं. विंडोजच्या नेटवर्क पानावर `Link speed` 100/100 दिसला, हवा होता 1000/1000. वायरीतल्या आठ तारांपैकी १०० मेगाबिटला १, २, ३ आणि ६ या चारच लागतात. गिगाबिटला आठही लागतात. त्यामुळे उरलेल्या चारांपैकी एक जरी तुटली तरी दिवा लागतो, इंटरनेट चालतं, फक्त वेग गपचूप उतरतो.

माळ्यावरचं टोक उजेडात धरून बघितलं. पारदर्शक प्लगमध्ये सात तारा टोकापर्यंत पोचलेल्या, आठवी, तपकिरी, एका तांदळाएवढी मागे राहिलेली. काल कपाट सरकवताना वायर ओढली गेली आणि तिचा उरलासुरला संपर्कही गेला. प्लग कापला, तारा पुन्हा क्रमाने लावल्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. टोकं सरळ एका रेषेत कापून, बाहेरचं आवरण प्लगच्या आत जाईल इतकं पुढे घेऊन दाबलं. `Link speed` 1000/1000. वर हॉलमध्ये १४३.

१२ ते १७ जानेवारी

गड्ड्याची यात्रा. ऑफिस अर्धवेळ, पाहुणे घरभर. कामाला हात लावला नाही.

१९ जानेवारी, सोमवार. काहींना इंटरनेट, काहींना नाही

मालकांचा फोन आला: सकाळपासून निम्म्या फोनांवर वाय-फाय जोडलेलं दिसतं पण इंटरनेट नाही, बंद-चालू केलं की कधी येतं, कधी जातं. दिवाणजींचाही कॉम्प्युटर सकाळी सुरू केल्यापासून बंद.

‘कधी चालतं, कधी नाही’ आणि ‘याला चालतं, त्याला नाही’ या दोन तक्रारी एकत्र आल्या की पहिला संशय पत्ते वाटणाऱ्या दुसऱ्या डब्यावर. दिवाणजींच्या कॉम्प्युटरवर `ipconfig /all` चालवलं, त्यातल्या कामाच्या ओळी:

```
IPv4 Address. . . . . : 192.168.0.104
Default Gateway . . . : 192.168.0.1
DHCP Server . . . . . : 192.168.0.1
```

इथे 192.168.1.1 असायला हवा होता. म्हणजे जाळ्यात कोणीतरी दुसरा पत्ते वाटतो आहे. उपकरण सुरू होताना ‘मला पत्ता द्या’ असं ओरडतं आणि जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता घेतं. दोघे उत्तर देणारे असले की ती सोडत ठरते. दुसऱ्याचा पत्ता घेतलेल्यांना बाहेर जायचा रस्ता म्हणून तोच दुसरा डबा सांगितला जातो, आणि त्या डब्याकडे इंटरनेटच नसतं.

`arp -a` ने 192.168.0.1 चा मॅक पत्ता काढला. तो जिन्यातल्या राउटरच्या स्टिकरशी जुळेना. शोधल्यावर डबा गोदामाच्या मागच्या खोलीत सापडला. यात्रेला आलेल्या पाहुण्यांना सिग्नल मिळावा म्हणून पुतण्याने घरातला जुना राउटर काढून, जिन्यातल्या राउटरपासून वायर ओढून `LAN` पोर्टात लावला होता. डोकं चांगलं चाललं होतं, एकच पायरी राहिली. त्या जुन्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोड नाही, आणि असा मोड नसलेल्या डब्याचं पत्ते वाटणं आपल्या हाताने बंद करावं लागतं.

तो डबा काढण्याऐवजी नीट करून दिला, कारण मागच्या खोलीत खरंच गरज आहे. पद्धत अशी:

जुन्या राउटरची जाळ्याकडे जाणारी वायर काढली आणि एकटा लॅपटॉप त्याच्या `LAN` पोर्टाला लावला. 192.168.0.1 वर जाऊन आधी त्याचा स्वतःचा पत्ता बदलून 192.168.1.3 केला, मास्क 255.255.255.0. हा पत्ता मोडेम-राउटरच्या वाटपाच्या हद्दीबाहेरचा आहे, त्यामुळे कधी दुसऱ्या कोणाला जाणार नाही. राउटर परत सुरू झाल्यावर 192.168.1.3 वर पुन्हा आत गेलो, वाय-फायचं नाव-पासवर्ड तेच ठेवले, आणि सगळ्यांत शेवटी `DHCP Server` ला `Disable` केलं. हे शेवटी करायचं कारण, पत्ते वाटणं बंद झालं की लॅपटॉपलाही पत्ता मिळत नाही, तो स्वतःच 169.254 चा एखादा पत्ता घेऊन बसतो आणि राउटरचं पान उघडत नाही. कोणी अडकलंच, तर लॅपटॉपला हाताने 192.168.1.50 द्यायचा, पान उघडतं.

मग वायर परत `LAN` पोर्टातच घातली. `WAN` पोर्ट रिकामा ठेवला आणि त्यावर चिकटपट्टी लावली. कोणी चांगल्या मनाने वायर तिकडे हलवली तर हा डबा पुन्हा राउटर होऊन बसेल आणि मागच्या खोलीला पत्ताच मिळणार नाही, प्रिंटर आणि इंटरनेट दोन्ही जाईल.

ज्यांच्याकडे चुकीचा पत्ता होता त्यांचं वाय-फाय बंद-चालू केलं, दिवाणजींच्या कॉम्प्युटरवर `ipconfig /release` आणि मग `ipconfig /renew`. सगळ्यांचा `DHCP Server` 192.168.1.1.

२४ जानेवारी, शनिवार. दोन शेवटच्या तपासण्या

पहिली वीज गेल्यावरची. मेन स्विच पाडून परत चालू केला. जिन्यातला राउटर एका मिनिटात उभा राहतो, मोडेम-राउटरला फायबरवर नोंद होऊन इंटरनेट यायला तीन मिनिटं लागतात. मधल्या दोन मिनिटांत फोन वाय-फायला जोडले जातात, पण इंटरनेट नसतं. त्या वेळी कोणी जिन्यातला डबा बंद-चालू करत बसू नये, दोष त्याचा नाही. दोन्ही डब्यांना १२ व्होल्टचे छोटे यूपीएस लावले. जिन्यातला राउटर २ अँपिअर मागतो, त्यामुळे त्याचा यूपीएस तेवढ्या क्षमतेचाच घेतला. एकाच डब्याला यूपीएस लावून उपयोग नाही. मोडेम-राउटर बंद पडला तर जिन्यातला वाय-फाय चालू दिसेल, पण पत्ता द्यायला घरात कोणी नसेल.

दुसरी तपासणी पाहुण्यांच्या वाय-फायची. बाहेरगावचे व्यापारी ऑफिसात बसतात, त्यांना वेगळं नाव देता येईल का, असं मालकांनी विचारलं होतं. नव्या राउटरवर `Guest Network` चालू केलं, फोन त्यावर जोडला आणि प्रिंटरला, 192.168.1.20 ला, पिंग केलं. उत्तर आलं. म्हणजे नाव वेगळं, जाळं तेच. पाहुण्याला डीव्हीआरही दिसू शकतो. राउटर मोडमध्ये हेच जाळं खरोखर वेगळं ठेवता आलं असतं, कारण तिथे फायरवॉल नव्या राउटरच्या हातात असते. ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये काही राउटर हे वेगळेपण पाळतात, हा पाळत नाही. `Guest Network` परत बंद केलं.

मालकांना सांगून ठेवलं: पाहुण्यांचं जाळं खरंच वेगळं हवं असेल तर दोन राउटरांची जुनीच मांडणी परत करावी लागेल, पण उलटी. ऑफिसची सगळी उपकरणं आतल्या, नव्या राउटरच्या मागे आणि पाहुणे बाहेरच्या, मोडेम-राउटरच्या वाय-फायवर. आतला बाहेर जाऊ शकतो, बाहेरचा आत येऊ शकत नाही, म्हणून पाहुणे बाहेरच्या चौकातच हवेत. पाहुणे आतल्या राउटरवर ठेवले तर त्यांना ऑफिसचं सगळं उघडं. त्यासाठी दगडी भिंतीतली ती दुसरी वायर लागेल. मालक म्हणाले, ‘पावसाळ्याआधी रंगकाम काढणार आहे, तेव्हा बघू.’

माळ्यावरच्या डब्यावर कागद चिकटवला: वाटपाची हद्द, प्रिंटर 20, डीव्हीआर 21, जिना 2, मागची खोली 3, आणि खाली एक ओळ: ‘कंपनीच्या माणसाने हा डबा रीसेट केला तर याचं वाय-फाय परत चालू होईल, ते बंद करा, आणि हद्द पुन्हा 100 ते 200 करा.’